तारीख सुटली, पैसे अडकले

गेली अकरा वर्षं मी दोन मंगल कार्यालयांचे हिशेब लिहितो. मालकाच्या टेबलावर एक जाड डायरी असते, वर्षाची, एका पानावर एक तारीख. त्या पानावर पेन्सिलीने आधी आडनाव लिहितात, मग फोन नंबर, आणि पैसे आले की तेच नाव पेनने गिरवतात. लग्न मोडलं, पुढे गेलं किंवा गावाकडे करायचं ठरलं, की पेनने लिहिलेल्या नावावर आडवी रेघ मारतात आणि कोपऱ्यात ‘तारीख सोडली’ असं लिहितात. हंगाम संपल्यावर मी ती डायरी आणि पावतीपुस्तक शेजारी ठेवून हिशेब जुळवतो. रेघ मारलेल्या नावाखाली त्याच पानावर दुसरं नाव किती वेळा येतं, ते मला तेव्हा दिसतं. सुट्टीतल्या रविवारी ते हमखास येतं.

हा लेख त्या दुसऱ्या नावाबद्दल आहे. ज्या तारखेला दुसरं कुटुंब येऊन पूर्ण भाडं भरून गेलं, त्या तारखेसाठी पहिल्या कुटुंबाने भरलेले पैसे ठेवून घ्यायचा मालकाला काय अधिकार? माझ्या मते, तारीख धरण्यापुरती छोटी रक्कम सोडली तर काहीच नाही. आणि हे मी ग्राहकाच्या बाजूने तावातावाने म्हणत नाही. पैसे ठेवून घेतल्याची नोंद करणारा माणूस म्हणून म्हणतो.

कार्यालयाच्या पावतीच्या मागे आता सर्रास एक कोष्टक छापलेलं असतं. आकडे थोडेफार बदलतात, पण घडण एकच. लग्नाला 180 दिवसांहून जास्त असतील तर भरलेल्या रकमेच्या 75 टक्के परत. 180 ते 90 दिवस असतील तर 50 टक्के. 90 ते 45 असतील तर 25. त्याच्या आत काही नाही. या पायऱ्यांची सवय आपल्याला रेल्वेने लावली. नोव्हेंबर 2015 मध्ये लागू झालेल्या नियमांत कन्फर्म तिकीट गाडी सुटण्याच्या 48 तास आधी रद्द केलं तर ठरावीक रक्कम कापायची, 48 ते 12 तासांत 25 टक्के, 12 ते 4 तासांत 50 टक्के, आणि त्यानंतर काही परत नाही, असं होतं. तारीख जवळ आली की परतावा आटतो, हे लोकांना पटलेलं आहे, कारण त्यामागचं कारण साधं आहे. जितक्या उशिरा तुम्ही जागा सोडाल, तितकी ती पुन्हा विकली जाण्याची शक्यता कमी.

म्हणजे हे कोष्टक एका अंदाजावर उभं आहे. आज तारीख सोडली तर नुकसान होण्याचा संभव किती, एवढंच ते सांगतं. लग्नाचा दिवस उजाडला की अंदाजाची गरज संपते. हॉल भरला की रिकामा राहिला, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसतं. तरीही पैसे ठरतात ते तीन महिन्यांपूर्वीच्या अंदाजावर, डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर नाही. माझी तक्रार इथे सुरू होते.

माझ्या पुतणीचं लग्न रविवारी, 11 मे रोजी ठरलं होतं. कार्यालय दुसऱ्या गावचं, मी हिशेब लिहितो त्यांपैकी नव्हे. हॉलचं भाडं 2,00,000, सजावट 60,000, आणि 500 ताटं प्रत्येकी 450 रुपयांनी, म्हणजे जेवणाचे 2,25,000. एकूण 4,85,000. दादाने तारीख धरताना भाड्याच्या निम्मे, 1,00,000 रुपये भरले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही घरांनी मिळून ठरवलं, की मोठा समारंभ नको, ते बरे होऊन घरी आले की मोजक्या माणसांत लग्न लावू. गुरुवारी, 6 फेब्रुवारीला, दादाने कार्यालयात फोन केला. लग्नाला 94 दिवस होते. पावतीच्या हिशेबाने 50,000 परत मिळायला हवे होते.

फोनवर उत्तर आलं, की मालक बाहेरगावी आहेत, सोमवारी या. सोमवारी दादा गेला तर म्हणाले, लेखी अर्ज द्या आणि सोबत मूळ पावती आणा. पावती वहिनीच्या भावाकडे होती, कारण पैसे भरायला तो गेला होता. ती येईपर्यंत बुधवार उजाडला. 12 फेब्रुवारीला अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि दिवस मोजले. 88 भरले. नव्वदची पायरी उतरली होती. परत मिळाले 25,000.

गुरुवारचा फोन खोटा नव्हता, नाकारलाही नव्हता. मॅनेजरने तोंडाने मान्य केलं, की फोन आला होता. पण नियमात ‘लेखी अर्ज मिळाल्याची तारीख’ असं छापलेलं होतं, आणि लेखी अर्ज घेणारा माणूस चार दिवस गावात नव्हता. त्या सहा दिवसांत कार्यालयाचं काय बिघडलं? काहीही नाही. उलट तारीख सुटणार हे त्यांना गुरुवारीच कळलं होतं, शुक्रवारपासून ते ती दुसऱ्याला द्यायला मोकळे होते.

आणि त्यांनी ती दिली. 11 मेला सकाळी दादा त्या गावात दुसऱ्या कामाला गेला होता, रस्ता तोच. फाटकावर झेंडूची कमान, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि थर्माकोलच्या अक्षरांत चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक. तो रिक्षा थांबवून दोन मिनिटं नुसता बघत राहिला, मग पाटीचा फोटो काढून घेतला. घरी येऊन मला म्हणाला, “अरे, आपल्या तारखेला तिथे सनई वाजत होती.” त्याला त्या लग्नाचा राग नव्हता. आपण भरपाई दिली ती कशाची, हे त्याला उमगत नव्हतं.

कार्यालयाच्या बाजूने हा हिशेब मांडून बघा. पहिल्या कुटुंबाचे 75,000 राहिले. दुसऱ्या कुटुंबाकडून हॉलचे पूर्ण 2,00,000 आले, वर सजावट आणि जेवण. दादाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं असतं तर भाड्याचे 2,00,000 मिळाले असते. ते मोडल्यामुळे 2,75,000 मिळाले. एका लग्नाच्या मोडण्यातून कार्यालय ते लग्न होण्यापेक्षा जास्त कमावतं. याला नुकसानभरपाई म्हणता येत नाही.

आता मालकांची बाजू सांगतो, कारण ती मला आतून ठाऊक आहे आणि ती खरी आहे. कार्यालयाच्या धंद्यात माल म्हणजे तारीख. एक तारीख एकदाच विकता येते, आणि गेली की ती पुढच्या वर्षापर्यंत येत नाही. चातुर्मासात बहुतेक लग्नं नसतात, पौषात लोक टाळतात, तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि खरा जोर एप्रिल-मेवर असतो. पंचांगाने पाठ फिरवली तर तोही जातो. 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र यांच्या अस्तामुळे नेहमीचे मुहूर्त जवळजवळ नव्हते आणि हॉल ओस पडले होते. वर्षभराचे पगार, वीजबिल, घरपट्टी हे सगळं साठ-सत्तर तारखांवर निघतं. त्यातली एक पडून राहिली तर मालकाला लागतंच. शिवाय दोन-दोन कार्यालयांत तारीख धरून ठेवणारे महाभाग असतात. मुलाकडच्यांना एक आवडतं, मुलीकडच्यांना दुसरं, मग ‘दोन्हीकडे थोडे भरून ठेवू, नंतर बघू’. अशांना चाप लावायला काही रक्कम जायलाच हवी. नाहीतर डायरीतली सगळी नावं पेन्सिलीचीच राहतील.

हे सगळं मान्य. पण दोन्हीकडे धरणाऱ्यांना लावायचा चाप सोडला, तर यातलं एकही कारण भरलेल्या तारखेला लागू होत नाही. तारीख पडून राहण्याची भीती हा सगळ्या कोष्टकाचा पाया आहे. ती पडून राहिली नाही, तर पाया गेला.

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना पहिल्यापासून दोन शब्द आहेत. घर किंवा जमीन घेताना देतात तो विसार. सौदा पक्का करणारी छोटी रक्कम, देणारा मागे फिरला तर ती बुडते, हे दोघांनाही ठाऊक असतं. आणि दुसरी अनामत. ती दुसऱ्याच्या हातात ठेवलेली आपली रक्कम, काम झालं की किंवा नुकसान वळतं करून उरलं की परत मिळणारी. माझ्या आजोबांच्या पिढीला या दोन शब्दांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. कार्यालयाच्या पावतीवर आता ‘अॅडव्हान्स’ एवढंच लिहितात. त्या एका शब्दाने दोन्ही झाकलं जातं. घेताना ती अनामतीसारखी मोठी असते, ठेवून घेताना विसारासारखी बुडते.

कायद्यानेही हाच फरक धरला आहे, आणि तो ज्या खटल्यात ठसठशीतपणे मांडला गेला, तो बटाट्यांचा आहे. मौला बक्श नावाच्या ठेकेदाराने उत्तर प्रदेशातल्या लष्करी मुख्यालयाला बटाटे पुरवायचा ठेका घेतला आणि 10,000 रुपये अनामत ठेवली. दुसरा ठेका कोंबड्या, अंडी आणि मासे यांचा, त्याची अनामत 8,500. पुरवठा नीट झाला नाही. 1947 च्या अखेरीस सरकारने दोन्ही ठेके रद्द केले आणि दोन्ही रकमा जप्त केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचून 1969 मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं, की हा विसार नव्हे, ही अनामत आहे. ती ठेवायची तर नुकसान दाखवावं लागेल. आणि नुकसान दाखवणं सरकारला अवघड नव्हतं. ठेकेदाराने बटाटे दिले नाहीत तेव्हा बाजारातून ते काय भावाने घेतले, एवढं सांगायचं होतं. ते सरकारने सांगितलं नाही. पैसे परत करावे लागले.

ठेकेदार चुकला होता, तरीही पैसे परत. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. चूक कुणाची, हा एक प्रश्न. त्या चुकीने तुमचं किती गेलं, हा दुसरा. कार्यालयवाले पहिल्याचं उत्तर दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतात.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्यातलं कलम 74 सांगतं, की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. आणि त्याआधीच्या कलम 73 चं स्पष्टीकरण सांगतं, की नुकसान मोजताना ते टाळायला कोणते मार्ग हाताशी होते, हेही बघायचं. कार्यालयाच्या हाताशी मार्ग असतो तो डायरी आणि फोन. चौकशी करून गेलेल्यांची नावं त्याच डायरीत मागच्या पानांवर असतात.

याहून जवळचं उदाहरण 2015 च्या जानेवारीतल्या निकालाचं आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने 1982 मध्ये भिकाजी कामा प्लेसमधला एक भूखंड लिलावात काढला. कैलाशनाथ असोसिएट्सची बोली सर्वांत मोठी, 3.12 कोटींची. त्यांनी चौथा हिस्सा म्हणजे 78 लाख भरले. पुढे मुदती वाढल्या, पत्रव्यवहार झाला, आणि शेवटी प्राधिकरणाने व्यवहार रद्द करून 78 लाख जप्त केले. 1994 मध्ये तोच भूखंड पुन्हा लिलावात गेला आणि 11.78 कोटींना विकला गेला. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, इथे करार मोडला असं म्हणताच येत नाही. दुसरी, तसं मानलं तरी भरपाई ही नुकसानीची असते, आणि इथे नुकसान तर झालं नाहीच, उलट फायदा झाला. 78 लाख व्याजासह परत करायला लावले. दादाच्या 11 मेच्या तारखेचं प्रकरण आकड्यांनी लहान आहे, पण जात तीच.

मग दादासारखी माणसं दाद का मागत नाहीत? कायदा नाही म्हणून नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली, आणि तिच्या व्याख्येत नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड हे स्पष्ट लिहिलं आहे. पण अशी तक्रार ‘अनुचित करार’ म्हणून करायची तर ती जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. 50,000 रुपयांसाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाणार? जिल्हा आयोगात जायचं तर तीच तक्रार सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडावी लागते. ते जमतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण हे सांगायला कुणीतरी लागतं, आणि लग्न पुढे गेलेल्या घरात तेव्हा कुणाला त्राण नसतं. माझ्या दृष्टीने कायद्यातली ही जागा चुकली आहे. अनुचित कराराच्या लहान रकमेच्या तक्रारी जिल्ह्यातच ऐकल्या गेल्या पाहिजेत, कारण अनुचित करार सर्वांत जास्त लहान रकमांचेच असतात.

दुसरी अडचण पुराव्याची. तारीख पुन्हा भरली हे ग्राहकाला कळायचं कसं? डायरी मालकाकडे, पावतीपुस्तक मालकाकडे. दादाला कळलं ते रिक्षा त्या रस्त्याने गेली म्हणून. ज्यांचं गाव वेगळं, त्यांना कधीच कळत नाही. मी अशांना एवढंच सांगतो, की ठरलेल्या दिवशी कुणाला तरी कार्यालयाच्या फाटकासमोर पाठवा आणि नावांच्या पाटीचा तारखेसह फोटो घ्या. लोकांना हे क्षुल्लक वाटतं, पण या वादात तो सर्वांत बोलका कागद आहे.

अजून एक गोष्ट फार कमी लोक पावती घेताना वाचतात. टक्के कशाचे? काही ठिकाणी ‘भरलेल्या रकमेच्या 25 टक्के परत’ असं असतं, काही ठिकाणी ‘एकूण रकमेच्या 25 टक्के कपात’. वाचताना दुसरं बरं वाटतं, कारण कपात फक्त 25 टक्क्यांची. आता दादाच्या आकड्यांवर लावून बघा. एकूण रक्कम 4,85,000, तिचे 25 टक्के 1,21,250. भरलेले 1,00,000. म्हणजे परत काही नाहीच, वर 21,250 मागता येतात. आणि त्या एकूण रकमेत 2,25,000 जेवणाचे आहेत. लग्नाला तीन महिने असताना जेवणाचं काय नुकसान? तांदूळ-डाळ घेतलेली नसते, आचाऱ्याला माणसं लावायचा निरोपही गेलेला नसतो. किराणा येतो तो शेवटच्या आठवड्यात, भाजी आदल्या दिवशी. हॉलच्या भाड्यावर कपात समजू शकते, कारण हॉलची तारीख अडकली. ताटं कुणाची अडकली?

सगळ्या अटी एका बाजूला झुकलेल्या असतात, हेही त्याच पावतीवर दिसतं. ‘व्यवस्थापन कोणतंही कारण न देता बुकिंग रद्द करू शकेल, अशा वेळी भरलेली रक्कम परत केली जाईल.’ पत्रिका छापून झाल्यावर, लग्नाला महिना राहिला असताना कार्यालयाने हात वर केले, तर त्या कुटुंबाला मेमध्ये दुसरा हॉल मिळेल का? आणि मिळालाच तर कुठल्या भावाने? तारीख जवळ येईल तसं ग्राहकाचं नुकसान मालकापेक्षा झपाट्याने वाढतं. पण पायऱ्या फक्त ग्राहकाला उतरायच्या असतात.

करोनाच्या काळात हे सगळं उघडं पडलं. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने लग्नाला 25 माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली. 500 ताटांचं लग्न करायला कायद्यानेच बंदी. यात चूक ना वधूपक्षाची, ना कार्यालयाची. अशा वेळी करार कायद्याचं कलम 65 सांगतं, की करार निरर्थक ठरला की ज्याने जे घेतलं ते त्याने परत करायचं. प्रत्यक्षात बहुतेकांना ‘तारीख बदलून घ्या’ एवढंच मिळालं. ज्यांनी तोवर घरच्या घरी लग्न उरकलं होतं, ते बदललेली तारीख घेऊन काय करणार होते?

यावर माझं म्हणणं फार मोठं नाही. पावतीवर दोन रकमा वेगळ्या लिहाव्यात. एक विसार, भाड्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, तारीख सोडली तर तो गेला, कधीही सोडली तरी गेला, त्याबद्दल वाद नाही. दोन-दोन हॉल धरणाऱ्यांना तेवढा चाप पुरतो. उरलेली सगळी अनामत. तारीख सुटली की तिचा हिशेब लग्नाच्या ठरलेल्या दिवसानंतर पंधरा दिवसांत करायचा. तारीख पूर्ण भाड्याने पुन्हा भरली असेल तर अनामत पूर्ण परत. कमी भाड्याने भरली असेल तर तेवढा फरक कापून. रिकामीच राहिली असेल तर कोष्टकाप्रमाणे, कारण तेव्हा ते कोष्टक न्याय्य आहे. दिवस मोजायचे ते ग्राहकाने व्हॉट्सअॅपवर किंवा फोनच्या मेसेजवर कळवल्यापासून, मालक गावात असो वा नसो. ग्राहकाने स्वतः दुसरं कुटुंब आणून दिलं तर त्यांना तीच तारीख द्यायची, ‘बुकिंग हस्तांतरणीय नाही’ ही ओळ पावतीवरून काढायची. आणि मालकाने रद्द केलं तर त्यालाही तीच पायरी, उलट्या दिशेने.

हे कुणी लादावं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 2020 पासून आहे. हॉटेलांच्या सेवाशुल्काबद्दल त्याने जुलै 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, म्हणजे असं करायचा रस्ता माहीत आहे. कार्यालयं, लॉन, फोटोग्राफर, मेकअपवाल्या, सगळ्यांच्या आगाऊ रकमांना तशाच एका सूचनेची गरज आहे.

काही मालक म्हणतात, की अनामत तीन महिने अडकवून ठेवून मग परत करायची तर आमचं भांडवल जाईल. मला हे पटत नाही, कारण ते भांडवल त्यांचं कधी नव्हतंच. पण एक अडचण खरी आहे. पुन्हा भरलेली तारीख ही सोडलेल्याचीच तारीख का? एका आवारात दोन हॉल आणि एक लॉन असेल, तर नवीन कुटुंब रिकाम्या लॉनवरही आलं असतं. तिथे मालक म्हणू शकतो, की हे गिऱ्हाईक मला तसंही मिळालंच असतं. अशा ठिकाणी नियम असा हवा, की त्या दिवशी आवारातल्या सगळ्या जागा भरल्या असतील तरच अनामत पूर्ण परत. एखादी जागा रिकामी राहिली, तर मालकाचं नुकसान झालं असं धरावं. ग्राहकाला थोडं कमी मिळेल, पण हिशेब खरा राहील.

दादाने जिल्हा आयोगात तक्रार केली नाही. वहिनी म्हणाली, मुलीच्या लग्नाच्या पैशावरून कोर्टकचेरी नको. मी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पण मी ज्यांचे हिशेब लिहितो, त्यांतल्या एका मालकासमोर दादाची पावती, पाटीचा फोटो आणि त्यांचीच मागच्या वर्षीची डायरी, तिन्ही एकदम ठेवली. त्यांनी रेघ मारलेली नावं आणि त्याखालची नावं बोटाने मोजली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विसार पंधरा टक्के ठेवतो, दहा नाही परवडत.” मी हो म्हटलं. नवीन पावतीपुस्तक दिवाळीनंतर छापून आलं.

गेल्या हंगामात त्यांच्याकडे तीन तारखा सुटल्या. दोन पुन्हा भरल्या. त्या दोन्ही कुटुंबांना मी स्वतः चेक लिहिले. एका बाईंनी फोन करून विचारलं, की हे पैसे कशाचे, आम्ही तर मागितलेही नव्हते. तिसरी तारीख मधल्या वारची, आडमुहूर्ताची, ती रिकामी गेली. तिच्या कोष्टकाप्रमाणे कापलेल्या रकमेची पावती घ्यायला मुलाचे काका आले होते. त्यांनी डायरीचं ते पान बघायला मागितलं, रेघेखाली काही नाही हे बघितलं, आणि सही करून गेले.